‘वरचे आठशे साठ सोडा’: करासह किमतीतून करपात्र मूल्य आणि कर उलटा काढताना

लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात रोज होणारा व्यवहार घेऊ. मुलीच्या संसाराचं सामान घ्यायला एक कुटुंब येतं. स्टीलची पातेली, डबे, ताटं-वाट्या मिळून १२,३९० रुपये. पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर २,४५०. मिक्सर ४,७२०. तीन बर्नरची गॅस शेगडी ५,३००. या टॅगवरच्या किमती आहेत, म्हणजे कर आतच धरलेला. बेरीज २४,८६० होते. मावशी पिशवीतून पैसे काढता काढता म्हणतात, “शेठ, वरचे आठशे साठ सोडा. सरळ चोवीस हजार करा.” शेठ जरा कुरकुरतात आणि मान डोलावतात.

घासाघीस तिथे संपली. गल्ल्यावरच्या माणसाचं काम तिथून सुरू होतं, कारण बिल आता चोवीस हजारांचंच निघायला हवं. त्यात करपात्र मूल्य किती, पाच टक्केवाल्या मालावर कर किती, अठरावाल्यावर किती, हे त्याला चोवीस हजारांतून मागे येत काढायचं आहे.

जीएसटीचे दर आधी पक्के करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमची स्वयंपाकाची भांडी १२ वरून ५ टक्क्यांवर आली; आपली भांडी आणि कुकर त्यात बसतात. मिक्सर आणि एलपीजीची शेगडी १८ टक्क्यांतच आहेत. म्हणजे एका बिलात दोन दर आले. एकच दर असता तर हे प्रकरण अर्ध्या पानात आटोपलं असतं.

भागायचं कशाने

करासह किमतीत मूळ मूल्य १०० धरलं तर १८ टक्के दराने किंमत ११८ होते. म्हणून किमतीला ११८ ने भागून १०० ने गुणलं की करपात्र मूल्य मिळतं. उरतो तो कर. सीजीएसटी नियमांतला नियम ३५ हेच सांगतो: करासह मूल्य गुणिले कराचा दर, भागिले १०० अधिक कराचा दर. यात दर म्हणजे केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी यांची बेरीज.

मिक्सरवर करून बघा. ४,७२० भागिले ११८ गुणिले १०० म्हणजे ४,०००. कर ७२०. आता चुकीची रीत बघा, जी सर्रास दिसते: ४,७२० चे १८ टक्के काढायचे, ते ८४९.६० येतात, आणि वजा करायचे. उरतात ३,८७०.४०. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले तर बेरीज ४,५६७.०७ होते, ४,७२० नाही. हिशेब उलटा फिरवून मूळ किमतीला पोचतो का, ही चाचणी दहा सेकंदांत होते आणि चुकीची रीत तिच्यात दर वेळी अडकते. अठरा टक्के हे चार हजारांचे आहेत, सत्तेचाळीसशे वीसचे नाहीत. करासह किमतीत कराचा वाटा १८ भागिले ११८, म्हणजे सुमारे १५.२५ टक्के असतो. ‘जीएसटी आमच्याकडून’ अशी पाटी लावणारा दुकानदार प्रत्यक्षात सव्वापंधरा टक्के सूट देत असतो, आणि कर त्याला उरलेल्या किमतीतून भरावाच लागतो.

कॅल्क्युलेटर हाताशी असला तरी पाच टक्क्यांसाठी एक सोपी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ५ भागिले १०५ म्हणजे एकवीसावा भाग. करासह रकमेला २१ ने भागलं की कर हातात. अठरासाठी असा सुटसुटीत आकडा नाही. ९ भागिले ५९ येतं आणि ते तोंडी कुणाला जमत नाही.

सूट कुठे धरायची

मावशींनी सोडायला लावलेले ८६० रुपये बिलात कुठे बसवायचे यावर पुढचं सगळं ठरतं. दुकानांत दोन चुकीच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे बिलाच्या अगदी तळाशी, कर लावून झाल्यावर. मूळ बिल असं बनतं: करपात्र मूल्य २२,६२४.८६, कर २,२३५.१४, एकूण २४,८६०. खाली एक ओळ: ‘लेस ८६०’. देय २४,०००. गिऱ्हाइकाला काही फरक पडत नाही. फरक दुकानदाराला पडतो, कारण कर अजूनही २४,८६० वरचाच बिलात उभा आहे आणि तेवढा भरावा लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल्य म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. विक्रीच्या वेळी किंवा आधी दिलेली सूट बिलात नीट दाखवली असेल तर ती मूल्यातून वजा होते. म्हणजे सूट मूल्यातून वजा करायचा हक्क होता आणि तो तळाच्या ओळीने घालवला. इथे ते नुकसान ७७.३२ रुपये आहे. हा आकडा कुठून आला ते पुढे दिसेल.

दुसरी जागा सॉफ्टवेअरमधला डिस्काउंटचा रकाना. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना कर लावण्याआधीच्या मूल्यातून वजाबाकी करतो. शेगडीच्या ओळीवर तिथे सरळ ८६० टाकले, की मूल्य ८६० ने आणि त्याबरोबर त्यावरचा १८ टक्के करही कमी होतो. एकूण रक्कम १,०१४.८० ने घसरते. बिल २३,८४५.२० वर येतं आणि गल्ल्यात तर चोवीस हजार आलेत. उरलेले १५४.८० मग कुणीतरी ‘राऊंड ऑफ’मध्ये अधिक चिन्हाने टाकतो. हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट आहे. तिथे दुकानदार जास्त कर भरत होता, इथे गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या किमतीचा एक तुकडा कराबाहेर राहिला. राऊंड ऑफच्या खात्यात पैशांऐवजी शंभर-दीडशेच्या नोंदी दिसल्या की हिशेब तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

योग्य जागा एकच: सूट करासह किमतीतूनच वजा करायची, ओळीनुसार, आणि मग प्रत्येक ओळीला ११८ किंवा १०५ ने भागायचं. डिस्काउंटचा रकाना वापरायचाच असेल तर त्यात करासह सूट नाही, तर ११८ किंवा १०५ ने मागे काढलेली सूट टाकायची.

आठशे साठ चार ओळींत वाटताना

दर एकच असता तर कुठल्याही ओळीतून वजा केलं तरी कर तोच आला असता. दोन दर असल्यामुळे वाटणीने कर बदलतो. सगळे ८६० अठरावाल्या मालातून काढले तर एकूण कर २,१०३.९६ येतो. सगळे पाचवाल्यातून काढले तर २,१९४.१८. प्रमाणात वाटले तर मधला, २,१५७.८२.

सूट कोणत्या मालावर किती धरायची याचं सूत्र कलम १५ देत नाही. ते प्रत्यक्ष किमतीकडे बोट दाखवतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: घासाघीस कशावर झाली? मावशींनी ‘शेगडी पाच हजार तीनशेची नको, चार हजार चारशे चाळीसला द्या’ म्हटलं असतं आणि शेठने हो म्हटलं असतं, तर सूट शेगडीवरच पडली आणि बिलात तशीच दिसायला हवी. पण त्या बोलल्या ते अख्ख्या बेरजेवर. मग चारही ओळींवर किमतीच्या प्रमाणात वाटणं हीच त्या बोलण्याशी इमान राखणारी रीत. एका बिलात ५३.८६ रुपये कर वाचवायला सगळी सूट नेहमी अठरावाल्या ओळीत कोंबणारं दुकान वर्षभराच्या बिलांत उघडं पडतं. भांड्यांवर कधीच सूट नाही आणि मिक्सर मात्र दर वेळी स्वस्त, हे विकत घेतलेल्या भावाशी ताडून बघितलं की लगेच कळतं.

प्रमाण काढायला २४,००० भागिले २४,८६० करायचं आणि त्या गुणकाने प्रत्येक ओळ गुणायची.

| माल | टॅगची किंमत | सूट | नवी किंमत, करासह |
|---|---|---|---|
| स्टीलची भांडी (५%) | १२,३९०.०० | ४२८.६२ | ११,९६१.३८ |
| कुकर (५%) | २,४५०.०० | ८४.७५ | २,३६५.२५ |
| मिक्सर (१८%) | ४,७२०.०० | १६३.२८ | ४,५५६.७२ |
| गॅस शेगडी (१८%) | ५,३००.०० | १८३.३५ | ५,११६.६५ |
| एकूण | २४,८६०.०० | ८६०.०० | २४,०००.०० |

आता मागे या. पाच टक्केवाला माल मिळून १४,३२६.६३. त्याला १०५ ने भागून १०० ने गुणलं की १३,६४४.४१ आणि कर ६८२.२२, म्हणजे सीजीएसटी ३४१.११ आणि एसजीएसटी तेवढाच. अठरावाला ९,६७३.३७. त्यातून ८,१९७.७७ मूल्य आणि १,४७५.६० कर, ७३७.८० अधिक ७३७.८०. मूल्यांची बेरीज २१,८४२.१८, करांची २,१५७.८२, दोन्ही मिळून बरोबर २४,०००.

मूळ बिलातला कर २,२३५.१४ होता. तो ७७.३२ ने उतरला. मूल्य ७८२.६८ ने उतरलं. म्हणजे सोडलेल्या ८६० रुपयांपैकी ७८२.६८ शेठच्या खिशातून गेले आणि ७७.३२ करातून. तळाला ‘लेस’ लिहिणारा माणूस हे ७७.३२ सुद्धा स्वतःच सोसतो.

दुकानात हे रोज हाताने कुणी करणार नाही. एक्सेलची एक शीट करून ठेवली की पुरतं. `B` मध्ये टॅगची किंमत, `C` मध्ये दर (फक्त ५ किंवा १८), आणि ठरलेली गोल रक्कम `H1` मध्ये. मग `D` नवी किंमत, `E` करपात्र मूल्य, `F` सीजीएसटी (एसजीएसटी तेवढाच), `G` ओळीची बेरीज:

```
D2: =ROUND(B2*$H$1/SUM(B$2:B$5),2)
E2: =ROUND(D2*100/(100+C2),2)
F2: =ROUND(E2*C2/200,2)
G2: =E2+2*F2
```

`D` ची बेरीज एखाद्या पैशाने चुकली तर तो पैसा सगळ्यात मोठ्या ओळीत घालायचा. सॉफ्टवेअरमध्ये ‘दर करासह’ अशी सोय असेल तर `D` चे आकडे तिथे टाकले की `E` आणि `F` ते स्वतःच काढतं. मात्र त्याचं उत्तर एकदा तरी शीटशी ताडून बघा. करासहचा पर्याय बंद असताना हेच आकडे टाकले तर सॉफ्टवेअर त्यांच्यावर वरून पुन्हा कर चढवतं.

पैसा चुकतो तो का

ओळीनुसार काढलं की एक-एक पैसा इकडेतिकडे सरकतो. भांड्यांच्या ओळीचं मूल्य ११,३९१.७९ येतं, अडीच टक्के २८४.७९, आणि बेरीज ११,९६१.३७. एक पैसा कमी. कुकरच्या ओळीत एक पैसा जास्त. मिक्सरमध्येही एक जास्त, शेगडीत एक कमी. या बिलात चारही मिळून फिटतात आणि बेरीज २४,०००.०० येते. तसं दर वेळी होत नाही.

कारण असं की सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्ही वेगवेगळे पैशात गोल होतात आणि ते नेहमी सारखेच असतात. मूल्य एक पैशाने वाढवलं की कधी बेरीज एक पैशाने वाढते, आणि कधी दोन्ही कर एकेक पैशाने उडी मारल्यामुळे तीन पैशांनी. मधल्या बेरजा मिळतच नाहीत. गिऱ्हाईक चार हजारांत मिक्सर मागतं ते उदाहरण घ्या. मूल्य ३,३८९.८३ धरलं तर नऊ टक्के ३०५.०८, आणि बेरीज ३,९९९.९९. मूल्य ३,३८९.८४ केलं तर नऊ टक्के ३०५.०९ होतात आणि बेरीज ४,०००.०२. चार हजार पूर्ण कुठल्याच मूल्यातून निघत नाहीत. काही जण इथे सीजीएसटी ३०५.०८ आणि एसजीएसटी ३०५.०९ लिहून मेळ घालतात. तसं करू नका. दोन्ही कर सारखेच हवेत. ३,३८९.८३ ठेवा आणि राऊंड ऑफला एक पैसा अधिक दाखवा. राऊंड ऑफची जागा याच कामासाठी आहे, म्हणून तिथल्या नोंदी पैशांतच राहायला हव्यात. बिलाची बेरीज पूर्ण रुपयात आणायला लागतात ते जास्तीत जास्त पन्नास पैसे. त्याहून मोठं काही तिथे दिसलं तर ती सूट आहे किंवा किंमत आहे, आणि दोन्हींची जागा वर आहे.

‘संसार सेट: चोवीस हजार’

आता या प्रकरणातला सगळ्यात महाग खड्डा. शेठच्या मुलाला वाटतं, एवढ्या वाटण्या कशाला? बिलावर एकच ओळ लिहू: ‘संसार सेट १ नग, २४,०००’. गिऱ्हाइकानेही एकच आकडा ठरवला होता ना.

जीएसटी कायद्यात मिश्र पुरवठा म्हणून एक व्याख्या आहे, कलम २(७४). एकापेक्षा जास्त स्वतंत्र वस्तू एकत्र, एकाच किमतीला दिल्या आणि त्यातली एखादी मुख्य नि बाकी तिच्याबरोबर ओघाने येणाऱ्या असं नसेल, तर तो मिश्र पुरवठा. कायद्यातलं उदाहरण डबाबंद खाद्यपदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, शीतपेयं आणि फळांचे रस एका किमतीच्या पॅकेजमध्ये देण्याचं आहे. तिथेच पुढे म्हटलंय की या वस्तू वेगवेगळ्या दिल्या तर तो मिश्र पुरवठा होत नाही. आणि मिश्र पुरवठ्याला कलम ८ प्रमाणे त्यातल्या सगळ्यात चढ्या दराचा कर लागतो.

एका ओळीच्या बिलाने शेठ स्वतःच लिहून देतात की चारही वस्तू एकाच किमतीला गेल्या. मग भांड्यांनाही अठरा टक्के. २४,००० भागिले ११८ गुणिले १८ म्हणजे कर ३,६६१.०२. आपल्या वाटणीतल्या २,१५७.८२ पेक्षा १,५०३.२० जास्त. ठरलेली रक्कम वाढणार नाही, म्हणजे हे दीड हजार नफ्यातून जातात.

घासाघीस बेरजेवर झाली एवढ्याने काही मिश्र पुरवठा होत नाही. प्रत्येक वस्तूला टॅगवर स्वतःची किंमत होती, गिऱ्हाइकाला हवी तीच उचलता आली असती, कुकर नको म्हटलं असतं तर कुकर वजा झाला असता. बिलानेही तेच दाखवायला हवं: चार ओळी, चार किमती, प्रत्येकीवरची सूट, प्रत्येकीचं मूल्य आणि दर. सणासुदीला ‘महासेट फक्त २४,९९९’ अशी पाटी लावून एकगठ्ठा विकणाऱ्यांनी मात्र दर ठरवण्याआधी करसल्लागाराशी बोलावं. तिथे किंमत खरोखरच एक असते आणि बिलावर ओळी फोडल्याने ते झाकलं जात नाही.

हो म्हणण्याआधीचा हिशेब

आतापर्यंत ठरलेली रक्कम धरून मागे आलो. पण शेठने मान डोलावण्याआधी हाच उलटा हिशेब डोक्यात फिरवायला हवा होता. समजा या मालाची खरेदी कर सोडून १९,१०० रुपयांना पडली आहे: भांडी ९,९००, कुकर १,८५०, मिक्सर ३,४५०, शेगडी ३,९००. खरेदीवर भरलेला कर वजावटीत परत मिळतो, म्हणून तो धरायचा नाही. विक्रीवरचा कर सरकारचा, तोही धरायचा नाही. तुलना नेहमी करपात्र मूल्य आणि कर सोडून खरेदी यांचीच.

टॅगच्या भावात नफा २२,६२४.८६ वजा १९,१००, म्हणजे ३,५२४.८६. चोवीस हजारांत तो २,७४२.१८. बिलाकडे बघितलं तर साडेतीन टक्क्यांची सूट वाटते. नफ्यातून मात्र बावीस टक्के गेले.

गल्ल्यावर बसून बरेच जण चोवीस हजारांतून १९,१०० वजा करतात आणि ४,९०० सुटले म्हणून खूश होतात. त्यात २,१५७.८२ कर मिसळलेला आहे. दुसरे जण खरेदीचं करासह बिल, २१,०१०.५०, वजा करून २,९८९.५० काढतात. हे जरा जवळ जातं, पण विक्रीवरचा कर खरेदीवरच्या करापेक्षा २४७.३२ ने जास्त आहे आणि तो अजून भरायचाय, हे त्यात सुटतं.

या बिलात मूल्य आणि एकूण रक्कम यांचं प्रमाण ०.९१ आहे. म्हणजे मावशींनी आणखी एक रुपया सोडायला लावला की शेठच्या खिशातून सुमारे ९१ पैसे जातात. त्यांनी ‘साडेतेवीस करा’ म्हटलं असतं तर आणखी ४५५ रुपये गेले असते आणि नफा २,२८७ वर आला असता. बिलात अठरावाला माल जास्त असेल तर हा आकडा ८५ पैशांकडे सरकतो, पाचवाला जास्त असेल तर ९५ कडे. किती सोडायचं हे ठरवायला एवढं अंदाजाचं गणित पुरतं.

कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला यातलं पहिलं काहीच लागू नाही. तो गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही, कर-बीजक न देता बिल ऑफ सप्लाय देतो, आणि व्यापाऱ्याचा एक टक्का उलाढालीवर भरतो. त्याला चोवीस हजारांतून मूल्य आणि कर वेगळे काढायचेच नाहीत. मात्र खरेदीवरचा कर त्याला परत मिळत नाही, म्हणून नफा काढताना त्याने खरेदी करासहच धरायची.

बरोबर दिसणारं चुकीचं बिल

करासह किमतीतून मागे येण्यात एक दगा आहे. दर चुकला तरी बेरीज चुकत नाही. पुढे जाणाऱ्या हिशेबात दर चुकला तर एकूण रक्कम बदलते आणि गिऱ्हाईकच ओरडतं. इथे चोवीस हजार ठरलेले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये भांड्यांचा दर सप्टेंबर २०२५ पूर्वीचा बाराच राहून गेला, तरी बिल चोवीस हजारांचंच निघेल, मावशी ते घेऊन जातील आणि कुणालाच काही जाणवणार नाही. फक्त १४,३२६.६३ मध्ये कर ६८२.२२ ऐवजी १,५३५ धरला जाईल. ८५२.७८ रुपये जास्त. गिऱ्हाइकाकडून बिलात कर म्हणून दाखवून घेतलेली रक्कम भरावीच लागते, ती नंतर ‘चुकून लिहिली’ म्हणून ठेवून घेता येत नाही.

म्हणून गोल रकमेच्या बिलात बेरजेकडे बघून समाधान मानायचं नाही. बघायची ती कराची ओळ: पाच टक्केवाल्या मालाची करासह रक्कम २१ ने भागली की तिथला कर यायला हवा. १४,३२६.६३ भागिले २१ म्हणजे ६८२.२२. आला, तर दर बरोबर आहे.

बिल आधीच छापलं असेल तर

प्रत्यक्षात घासाघीस कितीदा तरी बिल हातात पडल्यावर सुरू होते. छापील २४,८६० वर पेनाने काट मारून २४,००० लिहिणं हा तिथला रिवाज, आणि तेच नको. नोंदीत २४,८६० च राहतात, कर त्याचाच जातो, आणि संध्याकाळी गल्ला ८६० ने कमी भरतो. माल आणि बिल अजून दुकानात असतील तर जुनं बिल रद्द करून नव्या क्रमांकाने चार ओळींचं दुसरं काढावं. रद्द झालेला क्रमांक पुसून पुन्हा वापरायचा नाही. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात कागदपत्रांचा तक्ता असतो, त्यात काढलेल्या बिलांबरोबर रद्द केलेल्यांची संख्याही द्यावी लागते, आणि क्रम तुटलेला असला की ती जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींचा भाऊ येऊन ‘बहिणीला अजून पाचशे कमी करा’ म्हणाला आणि शेठने संबंध राखायला पाचशेची नोट काढून दिली, तर ती विक्रीच्या वेळची सूट राहत नाही. माल गेला, बिल गेलं, आणि असं काही देण्याचं आधी ठरलेलंही नव्हतं. ते पाचशे शेठने दिलेले पैसे म्हणून खर्चात लिहायचे आणि बिलातला २,१५७.८२ कर आहे तसाच भरायचा.